शून्य एनपीव्ही म्हणजे शून्य नफा नव्हे

समजा, एका कंपनीच्या संचालक मंडळापुढे एक छोटा प्रकल्प आला आहे. आज 1 कोटी रुपये गुंतवायचे. खर्च आणि कर वजा जाता पहिल्या वर्षाच्या अखेरीस 62 लाख रुपये रोख हातात येतील, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस 56 लाख, आणि तिथे प्रकल्प संपेल. म्हणजे 100 लाख घातले, 118 लाख आले. तरीही टिपणाच्या शेवटी वित्त विभागाने लिहिलं आहे : निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, शून्य. वरचे 18 लाख डोळ्यांना दिसत असताना हे शून्य आलं कुठून?

ते आलं 12 टक्क्यांच्या दरातून. हा कोटभर रुपया भागधारकांचा आहे. कंपनीने तो त्यांना परत दिला असता, तर तेवढीच जोखीम असलेल्या दुसऱ्या ठिकाणी गुंतवून त्यांना वर्षाला 12 टक्के मिळाले असते, असं आपण धरू. हाच त्यांचा अपेक्षित परतावा. प्रकल्पाने निदान एवढं तरी द्यायलाच हवं.

आता प्रकल्प हा भागधारकांचा कर्जदार आहे असं मानून त्याचं खातं मांडू. सुरुवातीला त्याच्या नावावर 100 लाख. वर्षभरात 12 टक्क्यांनी 12 लाख चढले, येणं 112 लाख झालं. त्याने 62 लाख भरले, बाकी 50 लाख. दुसऱ्या वर्षी या 50 लाखांवर 6 लाख चढले, येणं 56 लाख. त्याने बरोबर 56 लाख भरले आणि खातं बंद झालं. वरचे 18 लाख म्हणजे हेच 12 आणि 6. मुद्दल परत आलं, जितकं मुद्दल जितका काळ अडकून होतं त्यावर 12 टक्केही मिळाले. त्यापलीकडे काही उरलं नाही. एनपीव्ही शून्य याचा अर्थ एवढाच. भागधारकाचं नुकसान नाही, पण त्याला ज्यावर हक्क होता त्याहून जास्तही काही नाही.

दुसऱ्या वर्षी 56 ऐवजी साडेअडुसष्ट लाख येणार असतील, तर खातं चुकतं करून साडेबारा लाख शिल्लक राहतात. दोन वर्षांनी मिळणाऱ्या या रकमेची 12 टक्क्यांनी आजची किंमत जवळपास 10 लाख. ही झाली एनपीव्ही. कंपनीचे 10 लाख शेअर असतील आणि भाव 100 रुपये असेल, तर कंपनीचं बाजारमूल्य 10 कोटी. त्यातली 1 कोटीची रोकड आता 1 कोटी 10 लाख किमतीच्या प्रकल्पात बदलली. मूल्य 10 कोटी 10 लाख झालं, शेअर 101 रुपयांचा झाला. शून्य एनपीव्हीच्या प्रकल्पात तो 100 वरच राहिला असता.

ज्या भागधारकाला पैसे आजच हवे आहेत, त्याला दोन वर्षं थांबावं लागत नाही. तो काही शेअर 101 ने विकून आपला वाटा आजच काढून घेतो. अर्व्हिंग फिशर यांनी 1930 मध्ये व्याजावरच्या ग्रंथात हाच विचार मांडला : भांडवल बाजार नीट चालत असेल, तर कोणाला आज खर्च करायचा आणि कोणाला उद्या, हे व्यवस्थापनाने पाहायचं कारण नाही. मात्र बाजाराला हे आकडे पटायला हवेत. प्रकल्पाची अपेक्षा आधीच भावात धरलेली असेल, तर घोषणेच्या दिवशी भाव हलणारही नाही.

सगळ्यात जास्त घोळ दरापाशी होतो. कंपनीला बँक 9 टक्क्यांनी कर्ज देते म्हणून 9 टक्के धरणं चूक आहे. दर प्रकल्पाच्या जोखमीवरून ठरतो. पहिल्याच प्रकल्पाची जोखीम खरं तर 14 टक्क्यांची असेल, तर 62 आणि 56 लाखांची आजची किंमत साडेसत्त्याण्णव लाखांच्या आसपास भरते. हिशेबाच्या वह्यांत 18 लाखांचा नफा दिसत राहील आणि भागधारक मात्र अडीच लाखांनी गरीब झालेला असेल. कंपनी नफ्यात असूनही शेअर वर्षानुवर्षं का रखडतो, याचं एक कारण असं असतं.

एनपीव्ही मोठी दिसली, की मी आधी विचारतो, हे जादा पैसे प्रतिस्पर्धी का खाऊन टाकणार नाहीत? पेटंट, कच्च्या मालाजवळची जागा, जमलेला ग्राहक, असं काही ठोस कारण नसेल, तर दुसरे उत्पादक तेच यंत्र आणतात, किंमती उतरतात आणि परतावा हळूहळू 12 टक्क्यांवर येऊन ठेपतो. कारण सांगता येत नसेल, तर विक्रीचा अंदाज फुगवलेला आहे असं समजावं.

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्या क्षमतावाढीची सूचना देतात, तेव्हा सेबीच्या नियमांप्रमाणे सध्याची क्षमता, तिचा वापर, लागणारी गुंतवणूक, पैसा उभा करण्याचा मार्ग आणि वाढीमागचं कारण सांगावं लागतं. एनपीव्ही सांगावी लागत नाही. म्हणून ती सूचना वाचताना गुंतवणुकीच्या आकड्यापाशी थांबू नका. सध्याच्या क्षमतेचा वापर आणि दिलेलं कारण, या दोन गोष्टी आधी वाचा.