इलेक्ट्रॉन जिथे सापडतच नाही

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्राच्या पेपरात हमखास पडणारा प्रश्न : 4d ऑर्बिटलमध्ये रेडियल नोड किती आणि अँग्युलर नोड किती? ज्याला n − l − 1 हे सूत्र पाठ आहे तो क्षणात ‘एक आणि दोन’ असं लिहून मोकळा होतो. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. पण हा एक नोड अणूत नेमका कुठे असतो, त्याचा आकार काय आणि बाकीचे दोन त्याच्यापेक्षा वेगळे कशामुळे, असं पुढे विचारलं की पेन थांबतं. खरं तर या प्रश्नांची उत्तरं त्याच सूत्रात दडलेली आहेत.

एर्विन श्रोडिंगरने १९२६ साली हायड्रोजनच्या अणूसाठी आपलं समीकरण सोडवलं. उत्तरादाखल हाती आली ती तरंगफलनं, म्हणजे ψ. अणूतल्या प्रत्येक बिंदूला ψ एक किंमत देतं. ती कुठे धन असते, कुठे ऋण. त्याच वर्षी माक्स बॉर्नने या किमतीचा अर्थ लावला : ψ चा वर्ग केला की त्या जागी इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता किती, ते कळतं. धन किमतीकडून ऋण किमतीकडे जाताना ψ ला मध्ये कुठेतरी शून्यातून जावंच लागतं. हे शून्य म्हणजे नोड. अणू त्रिमितीत असल्यामुळे नोड हा बिंदू नसतो, तो एक अख्खा पृष्ठभाग असतो. पुस्तकातल्या चित्रात पाकळ्यांवर छापलेली अधिक-उणे चिन्हं ψ ची असतात, विद्युतभाराची नव्हेत. इलेक्ट्रॉनचा भार दोन्ही बाजूंना ऋणच.

सतारीची तार छेडली की तिची दोन्ही टोकं हलत नाहीत, पण ती बांधलेलीच असल्यामुळे नोड मोजताना कोणी धरत नाही. मोजायची ती मधली स्थिर ठिकाणं. ऑर्बिटलचंही तसंच. केंद्रकापासून अनंत अंतरावर ψ शून्याकडे जातं, पण ते प्रत्येक ऑर्बिटलमध्ये जातं, म्हणून ते मोजणीत येत नाही.

नोडचे दोन प्रकार का, याचं उत्तर अणूच्या गोल घडणीत आहे. केंद्रकाची ओढ सगळ्या दिशांना सारखीच असते, ती बदलते फक्त अंतरानुसार. त्यामुळे श्रोडिंगरच्या उत्तराचे दोन गुणक वेगळे काढता येतात : एक फक्त अंतरावर अवलंबून असलेला, R(r), आणि दुसरा फक्त दिशेवर अवलंबून असलेला, Y(θ, φ). गुणाकार शून्य व्हायला एक गुणक शून्य झाला तरी पुरतो. R एखाद्या अंतराला शून्य झाला, तर त्या अंतरावरचे सगळे बिंदू गेले, म्हणजे एक पोकळ गोल तयार झाला. हा रेडियल नोड. Y एखाद्या दिशेला शून्य झाला, तर केंद्रकापासून त्या दिशेने कितीही लांब गेलं तरी शून्यच. अशा दिशा मिळून एक सपाट प्रतल किंवा शंकू बनतो. हा अँग्युलर नोड.

आता मोजणी. मुख्य क्वांटम नंबर n ठरला की एकूण नोड ठरले : n − 1. त्यातले l नोड अँग्युलर असतात. s साठी l = 0, p साठी 1, d साठी 2 आणि f साठी 3. उरतील ते सगळे रेडियल, म्हणजे n − 1 − l. सूत्र या क्रमाने लक्षात ठेवलं की गोंधळ उडत नाही : आधी एकूण, मग दिशेचा वाटा, आणि शिल्लक ती अंतराची.

ही शिल्लक आपोआप जुळते, कारण R ची घडणच तशी आहे. त्यात तीन तुकडे एकमेकांना गुणलेले असतात. पहिला r चा l-वा घात, तो फक्त केंद्रकाशी शून्य होऊ शकतो. दुसरा घातांकी तुकडा, तो अंतराबरोबर लहान होत जातो, पण मर्यादित अंतरावर कधीच शून्य होत नाही. राहिली ती बहुपदी, आणि तिचा घात असतो नेमका n − l − 1. तिची सगळी मुळं धन आणि वेगवेगळी निघतात. जितकी मुळं, तितके गोल.

n = 3 हे कुटुंब घेऊ. एकूण नोड दोन, आणि ते वाटण्याचे मार्ग तीन.

3s मध्ये l शून्य आहे, म्हणून दोन्ही नोड रेडियल. अंतर बोर त्रिज्येत मोजलं, म्हणजे σ = r/a₀ धरलं (a₀ म्हणजे ५२.९ पिकोमीटर), तर 3s ची बहुपदी अशी दिसते : 27 − 18σ + 2σ². ती शून्याबरोबर मांडली की शाळेतलं वर्गसमीकरण समोर येतं. विवेचक 324 − 216 = 108, त्याचं वर्गमूळ साधारण १०.३९. मुळं निघतात १.९० आणि ७.१०. म्हणजे केंद्रकापासून सुमारे १०१ आणि ३७६ पिकोमीटरवर दोन गोल, एकात एक. पहिल्या गोलाच्या आत ψ धन, दोन गोलांच्या मध्ये ऋण, बाहेर पुन्हा धन.

3p मध्ये एक नोड दिशेकडे जातो. 3pₓ घेतलं तर तो yz प्रतल असतो, केंद्रकातूनच जाणारा. उरलेला एक रेडियल : बहुपदी 6 − σ, म्हणून गोल ६ बोर त्रिज्यांवर, सुमारे ३१७ पिकोमीटरवर. हा गोल दोन्ही पाकळ्यांना कापतो. त्यामुळे 3pₓ च्या प्रत्येक बाजूला आत एक लहान आणि बाहेर एक मोठा, उलट चिन्हाचा भाग असतो. पुष्कळ चित्रांत हा आतला भाग गाळलेला असतो आणि 3p हे 2p सारखंच, फक्त फुगवलेलं, दिसतं. मोजणी चुकते ती अशा चित्रावर विसंबल्यामुळे.

3d मध्ये दोन्ही नोड दिशेचे, रेडियल एकही नाही. d_xy साठी xz आणि yz ही दोन प्रतलं समोर दिसतात. पण d_z² पाशी मुलं अडखळतात. चित्रात वर-खाली दोन पाकळ्या आणि कंबरेला कडं. यात प्रतल कुठे आहे? प्रतल नाहीच. या ऑर्बिटलचा दिशेचा गुणक 3cos²θ − 1 आहे. तो शून्य होतो cosθ = ±1/√3 असताना, म्हणजे z अक्षापासून ५४.७ अंशांवर आणि १२५.३ अंशांवर. तिथे दोन शंकू आहेत, एक वर उघडणारा, एक खाली, आणि दोघांची टोकं केंद्रकावर. शंकूंच्या आत पाकळ्या, बाहेर कडं. नोड दोनच, l = 2 ला शोभणारे.

इथे तिसरा क्वांटम नंबर m कामाला येतो. तो अँग्युलर नोडची संख्या बदलत नाही, आकार ठरवतो. वास्तव रूपातल्या ऑर्बिटलमध्ये |m| इतकी प्रतलं z अक्षाला धरून उभी असतात आणि उरलेले l − |m| नोड z अक्षाभोवतीचे शंकू असतात. d_z² साठी m = 0, म्हणून शून्य प्रतलं, दोन शंकू. d_xz साठी |m| = 1, म्हणून एक उभं प्रतल आणि एक ‘शंकू’. त्याचा कोन ९० अंश असल्यामुळे तो सपाट होऊन xy प्रतलच बनतो.

हेच 4d ला लावून पाहावं. एकूण नोड तीन, दोन दिशेचे, एक अंतराचा. रेडियल नोड एकच असेल तेव्हा त्याचं अंतर n(l + 1) बोर त्रिज्या इतकं असतं : 2s साठी २, 3p साठी ६, 4d साठी १२. बारा बोर त्रिज्या म्हणजे सुमारे ६३५ पिकोमीटर.

चुका होतात त्या बहुधा दोन ठिकाणी. पहिली, 2p चा R केंद्रकाशी शून्य आहे हे पाहून तिथे एक रेडियल नोड मोजणं. तिथे गोल नाही, एकच बिंदू आहे, आणि तो बिंदू p च्या प्रतलात आधीच मोजला गेलेला आहे. दुसरी चूक आलेख वाचताना होते. पुस्तकात R ऐवजी अनेकदा r²R² चा आलेख असतो. r² मुळे तो r = 0 ला नेहमीच शून्यापासून सुरू होतो, अगदी 1s चासुद्धा, जिथे एकही नोड नाही. या आलेखात शिखरं n − l इतकी असतात आणि नोड म्हणजे दोन शिखरांमध्ये आलेख जिथे अक्षाला टेकतो ती जागा. 3s ला तीन शिखरं, दोन नोड. 3d ला एकच शिखर, नोड शून्य. शिखरं मोजून एक वजा केला की सूत्राचं उत्तर पडताळता येतं.

नोड ही निव्वळ कागदावरची गोष्ट नाही. २०१३ साली आनेता स्तोडोल्ना आणि सहकाऱ्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हायड्रोजनच्या नोडच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. विद्युत क्षेत्रात ठेवलेल्या हायड्रोजनच्या अणूंना लेझरने उत्तेजित करून सुटलेले इलेक्ट्रॉन शोधकावर पाडले, तेव्हा उजळ आणि गडद वलयं उमटली. विद्युत क्षेत्रामुळे अणूची गोल समरूपता मोडते. मग l चा उपयोग राहत नाही. त्याच्या जागी n₁ आणि n₂ असे दोन क्वांटम नंबर येतात. गडद वलयांची संख्या n₁ इतकी भरली. त्यांनी निवडलेल्या पहिल्या अवस्थेत n₁ = 0, n₂ = 29 आणि m = 0 होते; पुढच्या अवस्थांत n₁ एकेकाने वाढून 3 पर्यंत गेला आणि n₂ तितकाच घटत 26 वर आला. प्रत्येक वेळी बेरीज २९, आणि n होता ३०. वाटणीची रीत बदलली, तरी एकूण n − 1 च.

वर दिलेली अंतरं मात्र फक्त हायड्रोजनची आहेत. He⁺ मध्ये इलेक्ट्रॉन एकच, पण केंद्रकाचा भार दुप्पट. म्हणून सगळे गोल निम्म्या अंतरावर येतात आणि 2s चा नोड २ ऐवजी १ बोर त्रिज्येवर सापडतो. सोडियमसारख्या अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूत आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ अडवतात, त्यामुळे गोलांची अंतरं सूत्रातून काढता येत नाहीत, संगणकाकडून काढावी लागतात. पण सोडियमच्या बाहेरच्या 3s ला रेडियल नोड किती असं विचारलं, तर उत्तर हायड्रोजनचंच : दोन.