ब्रश करता, पण लागतो कुठे?

दात घासतानाची सर्वांत मोठी चूक आळसातून होते, असा आपला समज असतो. दवाखान्यात मात्र उलटंच चित्र दिसतं. ज्यांच्या दातांना मानेजवळ खाचा पडलेल्या असतात, ते बहुतेक वेळा अगदी नेमाने घासणारे असतात, दोन्ही वेळा, भरपूर पेस्ट घेऊन आणि भरपूर जोर लावून. मेहनत चुकत नाही, जागा चुकते. दाताचा जो भाग जिभेने, ओठांनी आणि खाण्याने एरवीही बऱ्यापैकी पुसला जातो तो आणखी घासला जातो आणि जिथे खरी घाण साचते तिथवर ब्रश पोचतच नाही.

घाण म्हणजे अन्नाचे कण, असं वाटतं. खरा त्रास देतो तो जंतूंचा पातळ, चिकट थर. रात्री स्वच्छ घासलेल्या दातावरून सकाळी नख फिरवलं तर नखात जो पांढरट, मऊ लगदा येतो, तो हाच. हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या कडेला तो सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जमतो. मऊ आहे तोवर ब्रशच्या केसांनी तो सहज निघतो, जोर लागतच नाही. पण काही दिवस तसाच राहिला तर लाळेतल्या कॅल्शियममुळे त्याचं दगडासारखं कीटण होतं आणि मग कितीही घासलं तरी ते घरी निघत नाही. आपण खोली झाडताना मधली फरशी लख्ख करावी आणि भिंतीकडेची कड तशीच ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

या थराने हिरडीचं काय होतं, हे 1965 मध्ये डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार साधेपणाने दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा नीट साफसफाई सुरू केली, तेव्हा साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरडीतून रक्त येणं ही बहुतेक वेळा या सुजेची खूण असते. आणि इथेच एक नेहमीची चूक होते. रक्त दिसलं की माणूस घाबरतो आणि तेवढा भाग सोडून बाकीचं घासतो. मग तिथला थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढतं. खरं तर रक्त येतं तिथेच हलक्या हाताने, मऊ ब्रशने, रोज साफ करायला हवं.

आता जोराची गोष्ट. पंचेचाळिशीच्या एका गृहस्थांचं उदाहरण घ्या. तक्रार एवढीच, की माठातलं पाणी प्यायलं की डावीकडे वरच्या दातांत सणक जाते. तोंडात पाहिलं तर कीड नाही. पण डावा सुळा आणि त्याच्या मागच्या दोन उपदाढा हिरडीजवळ आडव्या खाचल्या आहेत, नख फिरवलं की अडकतं. हिरडीही थोडी वर सरकली आहे. मी त्यांना म्हटलं, "हवेतच ब्रश करून दाखवा." त्यांनी मूठ आवळली आणि करवत चालवावी तसा हात आडवा चालवला. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर बऱ्याचदा डाव्या बाजूवर जास्त पडतो आणि सुळा जबड्याच्या वळणावर बाहेर आलेला असतो, म्हणून पहिला मार त्यालाच बसतो.

सणक येण्याचं कारण असं. दाताचा वरचा भाग शरीरातल्या सर्वांत कठीण कवचाने झाकलेला असतो, पण मानेजवळ हे कवच पातळ होत जातं आणि मुळावर ते नसतंच. तिथे आतला मऊ थर असतो. त्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि त्या नळ्यांत द्रव असतो. हिरडी सरली, वरचं झिजलं, की नळ्यांची तोंडं उघडी पडतात. गार पाणी लागलं की द्रव हलतो आणि आतल्या नसेला ते कळतं. एकट्या ब्रशने आणि पाण्याने दात फारसा झिजत नाही. झिजवतो तो पेस्टमधला बारीक खरखरीतपणा, ब्रश त्याला दाबून फिरवतो म्हणून. त्यामुळे राखुंडी, मीठ, कोळशाची पूड किंवा खरखरीत लाल मंजन रोज बोटाने रगडणाऱ्यांच्या दातांची झीज याहून जास्त दिसते. मशेरीचा प्रश्न तर झिजेपुरताही नाही. ती भाजलेली तंबाखू आहे, व्यसन लावते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. दात साफ करायचं ते साधन नव्हेच.

या गृहस्थांच्या दातांवर दोन उपाय झाले, मुळाच्या उघड्या भागासाठी सणक कमी करणारी पेस्ट आणि खोल खाचेत दाताच्या रंगाचं भराव. पण हात बदलला नसता तर भरावाशेजारी नवी खाच पडलीच असती. शिवाय अशा खाचांना नेहमी ब्रशच जबाबदार असतो असं नाही. झोपेत दात खाण्याची सवय, आंबट पेयं, वारंवार होणारी आंबट ढेकर यांचाही वाटा असतो. म्हणून खाच दिसली की कारण शोधावं लागतं, आणि ते आरशात पाहून ठरत नाही. हेही लक्षात ठेवायला हवं की सरकलेली हिरडी पेस्टने परत जागेवर येत नाही.

मग हात कसा चालवायचा? अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स बास यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर जी पद्धत मांडली, तिचंच साधं रूप आजही शिकवलं जातं. मऊ केसांचा, छोट्या डोक्याचा ब्रश घ्या. तो मुठीत धरू नका, पेनासारखा बोटांत धरा. एवढ्यानेच जोर आपोआप कमी होतो. केसांची टोकं हिरडीच्या कडेवर तिरकी, साधारण 45 अंशांत टेकवा. मग जागच्या जागी अगदी छोटी, थरथरती हालचाल दहा-पंधरा वेळा करा आणि शेवटी केस हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडून घ्या. मग पुढचे दोन-तीन दात. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. दाढांच्या चघळण्याच्या पृष्ठभागावर मात्र पुढे-मागे घासलं तरी चालतं.

एक जागा जवळजवळ सगळेच सोडतात, खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू. जिभेखालच्या लाळग्रंथीची नळी तिथेच उघडते, म्हणून कीटण तिथे लवकर चढतं. तिथे ब्रश आडवा मावत नाही. तो उभा धरून पुढच्या टोकाने एकेक दात साफ करावा लागतो. थर उरला का, हे ओळखायला दंतवैद्याकडे रंगाची गोळी असते. ती चघळून चूळ भरली की राहिलेला थर गुलाबी दिसतो. बहुतेकांच्या दातांचा मधला भाग पांढरा राहतो आणि हिरडीलगत गुलाबी पट्टी उमटते. ती पट्टी एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुन्हा तिरका ब्रश धरायला विसरत नाही.

दोन दातांच्या मधल्या फटीत मात्र कुठलाच ब्रश पोचत नाही. तिथे धागा किंवा फट रुंद असेल तर फटीचा छोटा ब्रश लागतो. लाकडी काडी किंवा टाचणी घालून उकरल्याने हिरडी दुखावते आणि फट काही साफ होत नाही.

वेळेच्या चुका दोन. पहिली, लवकर आटपणं. सगळं तोंड नीट करायला दोन मिनिटं लागतात, म्हणजे प्रत्येक चतुर्थांशाला अर्धं मिनिट. दुसरी, सकाळचं घासून रात्रीचं सोडणं. झोपेत लाळ कमी सुटते. लाळ कमी झाली की तोंडातलं आम्ल धुऊन जात नाही आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. एकदाच घासायचं असेल तर ते रात्री घासावं. आणि लिंबाचं सरबत, कोकम, चिंच किंवा कोल्ड्रिंक घेतल्यावर लगेच ब्रश हाती घेऊ नका. आम्लाने दाताचं कवच वरून काही वेळ मऊ पडतं. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास थांबा.

पेस्टबद्दल शेवटचं. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली लांब लाट दिसते, पण मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मुलांना तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा, कारण त्यांचा हात तोवर नीट वळत नाही. पेस्टमध्ये फ्लोराइड असावं, पाकिटावर 1000 पीपीएमच्या आसपासचा आकडा दिसतो. हे फ्लोराइड दातावर राहिलं तरच काम करतं, त्यामुळे घासल्यावर थुंका, पण पाठोपाठ चुळा भरून ते धुऊन टाकू नका. ब्रश तीन महिन्यांनी बदला. केस महिन्याभरातच फाकले, तर ब्रश हलका नव्हे, हात जड आहे असं समजा.

एवढं सांगूनही काही गोष्टी घरी सुटणाऱ्या नसतात. दोन आठवडे नीट, हलक्या हाताने साफ करूनही हिरडीतून रक्त येत असेल, दात हलत असेल, हिरडीतून पू येत असेल, रात्री ठणका जागं करत असेल, किंवा तोंडातला व्रण वा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत भरत नसेल, तर दंतवैद्याला दाखवा. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदरपणात हिरड्या सुजल्या असतील, तर त्याआधीच दाखवलेलं बरं. आणि जाताना रोजचा ब्रश पिशवीत टाका. डॉक्टरांसमोर एकदा नेहमीसारखं घासून दाखवा आणि आपला हात कुठे चुकतो, ते त्यांच्याकडूनच समजून घ्या.