बुडालेली मिडटर्म आणि फायनलचं गणित

अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांत शिकणारा विद्यार्थी ऐन मिडटर्मच्या दिवशी आजारी पडला आणि त्याचं कारण मान्य झालं, तर अनेक प्राध्यापक फेरपरीक्षा घेत नाहीत. त्या परीक्षेचं वेटेज उरलेल्या मूल्यमापनाकडे वळवतात. ऐकायला ही सूट वाटते. पण वेटेज नेमकं कुठे वळतं, यावर पुढचं गणित ठरतं.

समजा, एका विषयात असाइनमेंटना २०, मिडटर्मला ३० आणि फायनलला ५० टक्के वेटेज आहे. विद्यार्थ्याला असाइनमेंटमध्ये ९० टक्के गुण आहेत आणि एकूण ८० टक्के हवे आहेत. मिडटर्म बुडाली.

पहिली पद्धत म्हणजे सगळे ३० टक्के फायनलवर टाकायचे. फायनल आता ८० टक्क्यांची झाली. असाइनमेंटचे १८ गुण हातात आहेत. उरलेले ६२ फायनलमधून मिळवायचे. ६२ भागिले ०.८, म्हणजे फायनलमध्ये ७७.५ टक्के लागतील.

दुसऱ्या पद्धतीत ते ३० टक्के उरलेल्या दोघांत २०:५० या प्रमाणात वाटले जातात. असाइनमेंट सुमारे २८.६ टक्क्यांच्या होतात, फायनल ७१.४ टक्क्यांची. चांगल्या असाइनमेंटचा वाटा वाढल्यामुळे आता फायनलमध्ये ७६ टक्के पुरतात.

दोन्हींचा अर्थ साधा आहे. पहिल्या पद्धतीत फायनलला मिळालेले टक्केच मिडटर्मलाही मिळाले असं धरलं जातं. दुसरीत मिडटर्मला तुमची उरलेली सरासरी दिली जाते. म्हणून असाइनमेंट चांगल्या असतील तर दुसरी पद्धत फायद्याची, कच्च्या असतील तर पहिली.

जोखीम मात्र दोन्हींत वाढते. मूळ योजनेत फायनलमध्ये १० टक्के घसरले तर एकूण निकाल ५ टक्क्यांनी खाली यायचा. पहिल्या पद्धतीत तो ८ टक्क्यांनी येतो.

घोळ होतो तो गुणपत्रकात. सूट मिळूनही मिडटर्मपुढे शून्य राहिलं, तर याच उदाहरणात ८० टक्क्यांसाठी फायनलमध्ये १२४ टक्के लागतील! उत्तर शंभराच्या वर गेलं की आधी तिथे पाहावं. कॅनव्हास या प्रणालीत सूट दिलेल्या परीक्षेपुढे `EX` दिसायला हवं. मिडटर्मचा गट स्वतंत्र असेल, तर कॅनव्हास त्याचं वेटेज आपोआप उरलेल्या गटांत प्रमाणात वाटतं. प्राध्यापकांनी ते फक्त फायनलकडे वळवायचं ठरवलं असेल, तर पडद्यावरचा एकूण आकडा फसवा ठरतो.

तेव्हा सूट मिळाली की प्राध्यापकांना ईमेलवर एवढंच विचारा: वेटेज फायनलकडे जाणार की सगळीकडे वाटलं जाणार? उत्तर लेखी घ्या आणि मगच फायनलचं लक्ष्य ठरवा.