माहेवार, बाबवार : घरखर्चाचा गोषवारा

घरखर्चाची वही ठेवणाऱ्या कुटुंबांत रोजकीर्द बहुधा चांगली असते. उणीव असते ती खतावणीची. दूध, भाजी, वीजबिल, शाळेची फी, औषधे हे सारे ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहिले जाते, आणि वर्ष सरल्यावर औषधांवर एकंदर किती गेले व ते कोणत्या महिन्यांत गेले असा साधा प्रश्न निघाला, की शेकडो ओळींवरून बोट फिरवीत बसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पेढीवरचा मुनीम रोजकिर्दीतील प्रत्येक रक्कम उचलून ज्या त्या खात्याच्या पानावर नेऊन मांडीत असे. एक्सेलमधील पिव्होट टेबल, जे १९९३ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात आहे, तेच काम क्षणार्धात करते, आणि मूळ नोंदींना हातही लावीत नाही.

मात्र त्यासाठी मूळ नोंद रोजकिर्दीच्याच स्वरूपाची हवी. पुष्कळजण हौसेने आधीच एप्रिल ते मार्च असे बारा रकाने आखून ठेवतात आणि त्यांत आकडे भरीत जातात. तो कागद दिसायला गोषवाऱ्यासारखा असला तरी पिव्होट टेबलाच्या दृष्टीने निरुपयोगी होय, कारण त्यात महिना हा नोंदीचा भाग न राहता रकान्याचा मथळा होऊन बसतो. उदाहरणादाखल चौघांचे एक कुटुंब घेऊ : १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या हिशेबी वर्षाच्या त्याच्या नोंदी चारच रकान्यांत आहेत : तारीख, बाब, तपशील आणि रक्कम. एका ओळीत एकच खर्च. मध्ये रिकामी ओळ नाही, जोडून टाकलेले घर नाही, आणि महिन्याच्या अखेरीस मारलेली बेरीज तर मुळीच नाही, कारण ती बेरीजही खर्चच समजून पुन्हा मोजली जाईल.

या नोंदींत कोठेही उभे राहून Ctrl+T दाबले की त्यांचे रीतसर टेबल होते, आणि पुढे नव्या ओळी घातल्या तरी त्या त्यातच सामावल्या जातात. मग Insert मधील PivotTable निवडून, नवे पान मागून घ्यावे. उजव्या बाजूस चारही रकान्यांची नावे दिसतात. त्यांतली ‘बाब’ Rows च्या चौकटीत, ‘तारीख’ Columns मध्ये आणि ‘रक्कम’ Values मध्ये ओढून सोडली, की गोषवारा तयार. २०१६ पासूनच्या आवृत्त्या तारखांचे महिन्यांत गट बहुधा आपणहून करतात. न केल्यास कोणत्याही तारखेवर उजवी कळ दाबून Group निवडावे, आणि तेथे Months बरोबर Years हेही अवश्य निवडावे. केवळ महिने निवडले तर जानेवारी ते मार्च २०२५ हे महिने एप्रिल २०२४ च्या आधी येऊन बसतील आणि हिशेबी वर्षाचा क्रम उलटासुलटा होईल.

खरी परीक्षा तारखांचीच असते. संगणकाची प्रांतीय मांडणी अमेरिकन असली, आणि आपण मात्र सवयीप्रमाणे आधी दिवस व मग महिना लिहीत गेलो, तर ५/४/२०२४ ही नोंद एक्सेल मुकाट्याने ४ मे समजते. परंतु २५/४/२०२४ लिहिल्यावर पंचविसावा महिनाच नसल्यामुळे ती तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवून देते. पहिला प्रकार अधिक घातक, कारण त्यात कोणतीही तक्रार उमटत नाही. एप्रिलच्या पहिल्या बारा दिवसांचे खर्च बाराही महिन्यांत विखुरले जातात. दुसऱ्या प्रकारात Cannot group that selection. असा नकार तरी मिळतो. पडताळा सोपा आहे : खरी तारीख घराच्या उजव्या कडेला टेकते, मजकूर डावीकडे, आणि एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या वर्षात जानेवारी २०२४ चा रकाना उगवलेला दिसला, तर दिवस-महिन्यांची अदलाबदल झाली आहे हे निश्चित समजावे. उपाय करताना क्रम पाळावा लागतो. प्रथम तारखेच्या रकान्यावर चढत्या क्रमाने लावणी करावी, म्हणजे खऱ्या तारखा वर आणि मजकूर खाली जातो. वरच्या भागासाठी शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र घालावे, आणि येणारी उत्तरे केवळ मूल्ये म्हणून मूळ जागी चिकटवावीत :

```
=DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2))
```

त्यानंतर फक्त खालचा मजकूर निवडून Data मधील Text to Columns च्या तिसऱ्या पायरीवर Date : DMY सांगावे. उलट क्रमाने गेल्यास दुरुस्त झालेल्या आणि न झालेल्या तारखा एकमेकींत मिसळतात, आणि मग त्या वेगळ्या काढणे दुरापास्त. यापुढच्या नोंदींसाठी विंडोजची मांडणी English (India) करून ठेवावी.

रकमेचा घोटाळा याहून लहान, पण अस्सल आपल्याकडचा. बिलांवर लिहितो तसे ४५०/- असे टाकले, की ती संख्या राहत नाही, मजकूर होतो. पिव्होट टेबल मग Sum ऐवजी Count देऊन किराण्यापुढे हजारोंच्या जागी ३८ असा आकडा दाखवील. तेथे Sum निवडून आपण समाधान मानले, तर ती रक्कम शून्य धरली जाईल. मूळ रकान्याची SUM ने केलेली बेरीज गोषवाऱ्याशी ताडून पाहण्यातही अर्थ नाही, कारण SUM सुद्धा असा मजकूर वगळते आणि दोन्ही चुकीचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळतात. रक्कम D रकान्यात असेल तर त्याखेरीज इतरत्र कोठेही पुढील दोन सूत्रे लिहावीत :

```
=COUNT(D:D)
=COUNTA(D:D)-1
```

पहिले केवळ संख्या मोजते, दुसरे मथळा वगळून भरलेली सारी घरे. दोहोंत जितके अंतर, तितक्या रकमा हिशेबाबाहेर राहिल्या.

बाबींची नावे एकाच लेखनात असावीत हे सांगायला नको. ‘भाजी’ आणि ‘भाजीपाला’ या गोषवाऱ्यात दोन स्वतंत्र ओळी होतात. क्रेडिट कार्डाने घेतलेली वस्तू लिहिली असेल तर कार्डाचे बिल भरल्याची नोंद खर्च म्हणून पुन्हा करू नये, एवढे पथ्य मात्र आवर्जून पाळावे.

गोषवारा शुद्ध झाल्यावर त्याला प्रश्न विचारता येतात. डिसेंबरमधील औषधांचा आकडा डोळ्यांत भरला, तर त्या घरावर दोनदा कळ दाबताच ज्या नोंदींतून तो साकारला त्या सर्व एका नव्या पानावर मांडल्या जातात. जमाखर्चाच्या तपासणीचे याहून सुबक साधन मला तरी ठाऊक नाही. दरमहाची सरासरी काढताना मात्र Sum च्या जागी Average निवडण्याचा मोह टाळावा. या कुटुंबाने वर्षभरात भाजीच्या १०४ नोंदींत ३१,२०० रुपये खर्च केले असतील, तर Average तीनशे रुपये दाखवील, आणि ती दर नोंदीची सरासरी असेल. दरमहाचा खर्च एकूण रकमेला बाराने भागून २,६०० रुपये येतो. विम्याचा वार्षिक हप्ता, शाळेची फी अशा एकरकमी बाबींना हा भागाकार विशेष गरजेचा, कारण ज्या महिन्यात त्या भरल्या त्याचा रकाना उगाच फुगलेला दिसतो.

आणि एक लक्षात असू द्यावे : मूळ पानावर नवी नोंद केली किंवा जुनी सुधारली, तरी गोषवारा सहसा आपणहून बदलत नाही. कोणताही आकडा कोणाला सांगण्यापूर्वी त्यावर उजवी कळ दाबून Refresh करून घ्यावे.