बॅग उघडण्याआधी

महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईहून रात्री निघते आणि सकाळी कोल्हापुरात उतरवते. गाडी सोयीची, पण हॉटेलच्या दृष्टीने अडचणीची. आपण सकाळी दारात उभे आणि खोली मिळणार दुपारी बाराला. कारण त्या वेळी आदल्या रात्रीचा पाहुणा आत झोपलेला असतो. तो गेल्यावर चादरी बदलायच्या, बाथरूम धुवायचं, टॉवेल-साबण ठेवायचे. म्हणून लवकर खोली हवी असेल तर काउंटरवर जाऊन मागण्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी फोन करून विचारावं, "आज रात्री एखादी खोली रिकामी राहणार आहे का?" राहणार असेल तर सकाळी ती मिळण्याची शक्यता असते, कधी थोडे जास्त पैसे घेऊन. नसेल तर सामान ठेवायला आणि तोंड धुवायला जागा मागावी. तेवढी बहुतेक ठिकाणी मिळते.

मागच्या उन्हाळ्यात आईला घेऊन अशीच गेले होते. फोन करायला मी विसरले होते. सामान काउंटरमागे ठेवलं, अंबाबाईचं दर्शन घेतलं, मिसळ खाल्ली आणि सव्वाबाराला परत आले.

रजिस्टर पुढे आलं. नाव, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, किती जण, आल्याची वेळ. यातल्या वेळेच्या रकान्याकडे फारसं कुणी बघत नाही. पण काही लॉजमध्ये खोली चोवीस तासांच्या हिशोबाने देतात, तर बाकीच्यांत कधीही आलात तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकरा किंवा बाराला सोडायची असते. आपल्या ठिकाणी कोणता हिशोब, हे सही करतानाच विचारलेलं बरं. ओळखपत्राचंही तसंच. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते सहसा चालत नाही. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत 'यूआयडीएआय'च्या संकेतस्थळावरून काढून घेता येते. मी तीच दिली.

किल्ली घेऊन आम्ही ३०४ मध्ये गेलो. आई लगेच पलंगावर बसायला निघाली. मी म्हटलं, "आई, दहा मिनिटं खुर्चीत बस." तिला राग आला. पण यामागे एक साधं कारण आहे. पाहुणा नुसता उभा राहून परत गेला, तर ती खोली तयारच राहते आणि काउंटरवरचा माणूस ती दुसऱ्याला देऊ शकतो. पलंगावर लोळून, बाथरूम वापरून, टॉवेल ओला करून मग "खोली बदला" म्हटलं, तर दोन खोल्या साफ कराव्या लागतात. त्याच्या चेहऱ्यावर येणारा नकार बऱ्याचदा या कामाचा असतो, तुमचा नव्हे.

दहा मिनिटांत काय बघायचं? आधी गादीची डोक्याकडची शिवण उचलून काळे ठिपके आहेत का ते. ढेकूण तिथे खूण ठेवतात. तोवर बॅगा जमिनीवर किंवा गादीवर न ठेवता बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवाव्यात. मग दाराची आतली कडी, फ्लश आणि गरम पाणी. पंधरा लिटरच्या गीझरला पाणी तापवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेव्हा दोन मिनिटांत "गरम पाणीच नाही" म्हणून फोन करू नये. गरम पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर नळ थोडा वेळ सोडावा लागतो, आणि ते ठरावीक वेळेतच येतं का हे विचारून घ्यावं.

आमच्या बाथरूममध्ये गटाराचा वास होता. हा वास आला की लोक हॉटेलला अस्वच्छ ठरवून मोकळे होतात. मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी कायम साठलेलं असतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. खोली बरेच दिवस बंद राहिली की ते पाणी सुकतं. मी जाळीत दोन तांबे पाणी ओतलं आणि खिडकी उघडली. थोड्या वेळाने वास गेला. गेला नसता तर दोष पुढच्या नळीत असतो आणि तिथे अत्तराचे फवारे मारून उपयोग होत नाही.

खरी अडचण एसीची निघाली. रिमोटवर बर्फाच्या फुलाची खूण होती, म्हणजे तो थंड करण्यावरच होता. चालू केल्यावर बाहेरचं यंत्र सुरू व्हायला तीनेक मिनिटं लागू शकतात, तेवढी थांबले. दहा मिनिटांनी झोताखाली हात धरला तर नुसती वाऱ्याची झुळूक. खिडकीबाहेरचं यंत्र गप्प होतं. हे मेकॅनिकचं काम, रिमोट दाबणाऱ्या मुलाचं नव्हे.

खाली जाताना मी वाक्य मनात जुळवलं. इथे मराठीची मदत होते. "खोली बदला" हा हुकूम होतो, "खोली बदलून मिळेल का?" यात मागणारा बाजूला राहतो आणि फक्त खोली उरते. मात्र नम्रतेच्या नादात आपण "जमलं तर बघा" म्हणतो, तिथे काम बुडतं. 'जमलं तर' म्हणजे न करण्याची परवानगीच.

"दादा, ३०४ मधला एसी चालू होतोय, पण हवा थंड नाही. दहा मिनिटं पाहिलं, बाहेरचं यंत्र फिरत नाहीये. आम्ही काही वापरलेलं नाही, बॅगाही उघडल्या नाहीत. अशीच दुसरी एसी खोली मिळेल का?"

"मॅडम, मुलगा पाठवतो ना."

"पाठवा की. पण मेकॅनिक लागेलसं वाटतं. तो किती वाजता येईल?"

त्याने फोन लावला. मेकॅनिक पाचनंतर येणार होता. "आज लग्नाचं बुकिंग आहे मॅडम, एसी सगळ्या गेल्या. साधी खोली देऊ का?"

"मग भाड्यातला फरक परत मिळेल का?"

इथे तो अडखळला. आमचं बुकिंग अ‍ॅपवरून, पैसे आधीच भरलेले. अशा वेळी काउंटरवरचा माणूस खोली बदलू शकतो, पण पैसे त्याच्या हातात नसतात. अ‍ॅपवाले सहसा आधी हॉटेलला विचारतात आणि मग रक्कम परत करायची का ते ठरवतात. त्यामुळे तक्रार हॉटेलमध्ये असतानाच, वेळ घालून अ‍ॅपवर नोंदवावी लागते. घरी जाऊन नोंदवली की पुरावा उरत नाही. त्यानंतरही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे.

त्याच्यावर आवाज चढवून उपयोग नव्हता, म्हणून विचारलं, "हे मॅनेजरसाहेबांना ठरवावं लागेल ना? ते कधी भेटतील?" त्याचा खांदा सैल झाला. त्याने आत जाऊन विचारलं. पाच मिनिटांनी मागच्या बाजूची, लग्नवाल्यांसाठी राखलेली एक एसी खोली निघाली. रस्त्याकडची, म्हणून कुणी घेत नव्हतं. एसी मात्र उत्तम चालत होता.

रात्री हॉर्न ऐकू येत होते. आई म्हणाली, "ती वासाची खोली शांत होती हो."

सकाळी किल्ली देताना मी त्याला ३०४ च्या जाळीत पाणी टाकायला सांगितलं. त्याने पेन काढलं आणि आल्याची वेळ लिहितात त्याच रजिस्टरच्या कोपऱ्यात नोंद केली: ३०४, एसी, मोरी.