समुद्राचा तळ डोंगरावर कसा पोहोचतो? ओमानच्या ओफिओलाइटची गोष्ट

मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं, की महासागराचा तळ फार काळ टिकत नाही. समुद्राखालच्या पर्वतरांगांपाशी तो तयार होतो, हळूहळू थंड होत बाजूला सरकतो आणि शेवटी एखाद्या खोल गर्तेत दुसऱ्या प्लेटखाली जाऊन पृथ्वीच्या पोटात गडप होतो. त्यामुळे आजच्या महासागरांत 20 कोटी वर्षांपेक्षा जुना तळ जवळपास सापडतच नाही. त्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं : सगळाच तळ जर खाली जातो, तर लडाखमध्ये आणि ओमानमध्ये समुद्रतळाचे खडक डोंगरावर कसे दिसतात? आजचं व्याख्यान या एकाच प्रश्नावर आहे.

अशा खडकांना ओफिओलाइट म्हणतात. ग्रीक भाषेत ओफिस म्हणजे साप. या खडकांमध्ये हिरवट, चकचकीत, सापाच्या कातडीसारखा दिसणारा सर्पेंटिनाइट असतो, त्यावरून अलेक्झांडर ब्रोन्यार या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव दिलं. मात्र त्या वेळी हा समुद्रतळ आहे, अशी कोणाला कल्पनाही नव्हती. ती ओळख पटली प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत आल्यावर, आणि 1972 सालच्या पेनरोझ परिषदेत ओफिओलाइट कशाला म्हणायचं, हे नीट ठरलं.

ओळखायचं कसं?

आपण महाराष्ट्रातले लोक काळ्या दगडात वाढलेलो. सह्याद्री बेसाल्टचा आणि समुद्रतळही बेसाल्टचा, मग सह्याद्री समुद्रतळ का नाही? कारण दख्खनचा लाव्हा जमिनीवर, खंडाच्या पाठीवर पसरला. दोन थरांच्या मधे जी लाल माती दिसते, ती उघड्यावर दगड कुजल्याची खूण आहे.

बरं, पाण्यात ओतलेला लाव्हा वेगळा दिसतो. पाण्याला टेकताच त्याची बाहेरची साल गोठते, आतला लाव्हा ती फोडून पुढे येतो आणि उशा रचून ठेवल्यासारखे गोलसर गोळे तयार होतात. याला उशी-लाव्हा म्हणतात. पण नुसत्या उशा पाहून समुद्रतळ म्हणता येत नाही. अशा उशा मुंबईतही आहेत, आणि तिथे लाव्हा खंडावरच्याच पाण्यात शिरला होता.

म्हणून एक खडक बघून चालत नाही, उतरंड बघावी लागते. वर उशी-लाव्हा. त्याखाली पत्त्यांचा कॅट उभा धरावा तसे एकमेकांना चिकटून उभे असलेले डाइक, म्हणजे लाव्हा ज्या भेगांमधून वर आला त्या भेगा भरून झालेल्या भिंती. त्याखाली गॅब्रो, म्हणजे तोच रस सावकाश थंड होऊन झालेला जाड कणांचा खडक. आणि सर्वांत खाली पेरिडोटाइट, म्हणजे खुद्द प्रावरणाचा खडक. या चौघांत डाइकांचा थर सर्वांत बोलका आहे. एक डाइक निम्म्यात चिरून दुसरा, त्याला चिरून तिसरा, असं शेकडो वेळा झालेलं दिसतं. जमीन सतत दोन बाजूंना ओढली जात असेल आणि प्रत्येक नवी भेग लगेच भरली जात असेल, तरच असं होतं. समुद्राखालच्या पर्वतरांगेवर नेमकं हेच चालू असतं.

ओमानचा सेमाइल

ही उतरंड जगात सर्वांत मोठ्या आणि नीटस स्वरूपात दिसते ती ओमान आणि संयुक्त अरब अमिरातीत. सेमाइल ओफिओलाइट असं तिचं नाव. लांबी सुमारे 500 किलोमीटर. वाळवंट असल्यामुळे वर माती नाही, झाडी नाही. वाडीच्या पात्रातून चालत गेलं की उशी-लाव्ह्यापासून प्रावरणापर्यंत जाता येतं. आज मस्कतमध्ये बरीच मराठी मंडळी राहतात. तिथल्या मुत्राह बंदरामागचे काळपट-तपकिरी, दातेरी डोंगर तुम्ही रोज बघत असाल, तर ते पेरिडोटाइट आहे. म्हणजे तुम्ही प्रावरण बघताय. एरवी समुद्राखाली तिथवर पोहोचायला सहा-सात किलोमीटर जाडीचं कवच भेदावं लागतं.

आता मुद्दा असा, की हे सगळं अरबस्तानच्या चुनखडीवर बसलेलं आहे. चुनखडी उथळ समुद्रातली, खंडाच्या काठावरची. तिच्यावर खोल समुद्रातली गाळाची चळत, आणि तिच्यावर समुद्रतळ. सगळं उलटंपालटं. समुद्रतळाची घनता सुमारे 3, प्रावरणाची 3.3, खंडाची 2.7. जड वस्तू हलक्या वस्तूवर चढून बसली कशी?

चढलं कोणी, घुसलं कोणी?

उत्तर सांगतो आणि मग पुरावे बघू. समुद्रतळ खंडावर चढला नाही. खंड समुद्रतळाखाली घुसला.

साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी अरबस्तानच्या ईशान्येला टेथिस नावाचा महासागर होता. किनाऱ्यापासून दूर, त्या महासागराच्या आतच एक प्लेट दुसरीखाली सरकू लागली. खाली जाणारी प्लेट अरबस्तानला जोडलेली होती : पुढे जुना, थंड, जड समुद्रतळ आणि शेपटीला अरबस्तानचा काठ. वरच्या बाजूला नुकता तयार झालेला, गरम समुद्रतळ.

विहिरीत जड पोहरा सोडलाय आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला चुकून लाकडाचा ओंडका बांधला गेलाय, असं समजा. पोहरा बुडताना दोरी ओढतो आणि ओंडक्यालाही पाण्याखाली नेतो. ओंडक्याला बुडायचं नसतं, पण पोहरा जड असतो. शेवटी दोरी तुटते. पोहरा तळाला जातो, ओंडका उसळून वर येतो आणि त्याच्यावर जे काही तरंगत असेल, ते त्याच्या पाठीवर बसून वर येतं. पोहरा म्हणजे जुना समुद्रतळ, ओंडका म्हणजे अरबस्तानचा काठ आणि पाठीवर राहिलेली ती वस्तू म्हणजे सेमाइल.

हे नुसतं छान चित्र नाही, हे कशावरून? तीन ठिकाणी जाऊन बघू.

पहिलं ठिकाण, ओफिओलाइटच्या तळाशी. पेरिडोटाइटच्या लगेच खाली रूपांतरित खडकांची पातळ पट्टी आहे, फार तर काही शे मीटर जाड. तिला सोल म्हणतात, चपलेच्या सोलसारखी. एरवी खडक जितका खोल तितका जास्त तापलेला असतो. इथे उलटं आहे. पट्टीच्या वरच्या कडेला 800 अंशांपेक्षा जास्त तापमानाच्या खुणा आणि खाली जाऊ तसं तापमान कमी. म्हणजे उष्णता वरून आली, कापडावर गरम इस्त्री ठेवावी तशी. यावरून कळतं, की वरचा तळ त्या वेळी गरम होता.

वयंही तेच सांगतात. गॅब्रोमधल्या जिर्कॉन या खनिजावरून सेमाइलचं कवच 9 कोटी 60 ते 9 कोटी 50 लाख वर्षांपूर्वी तयार झालं. सोलमधल्या बऱ्याच जिर्कॉनचं वयही जवळपास तेवढंच. तळ अजून पुरता थंडही झाला नव्हता, तोच त्याच्याखाली दुसरी प्लेट सरकत होती. वय वाढलेला तळ थंड होऊन जड होतो आणि बुडतो. वाचतो तो बहुधा असा कोवळा.

दुसरं ठिकाण मस्कतच्या आग्नेयेला, समुद्रकिनारी अस सिफा गावाजवळ. इथे एक्लोगाइट सापडतात. लाल गार्नेट आणि हिरवं पायरॉक्सीन असलेला हा खडक प्रचंड दाबाखालीच तयार होतो. इथला दाब सुमारे 20,000 वातावरणांइतका निघतो. खडकात साधारण साडेतीन किलोमीटर खाली गेलं, की दाब 1,000 वातावरणांनी वाढतो. गुणाकार करा : 20 गुणिले साडेतीन, म्हणजे जवळजवळ 70 किलोमीटर. आणि महत्त्वाचं हे, की हे खडक महासागराचे नाहीत, अरबस्तानच्या काठाचे आहेत. ओंडका खरोखर बुडाला होता, त्याचा हा दाखला.

इथे एक गोंधळही झाला होता. अर्गॉन वायूच्या पद्धतीने या खडकांची काही वयं 10 कोटी वर्षांच्या पलीकडे येत होती. ती खरी मानली, तर सेमाइल तयार होण्याआधीच खंड बुडाला होता असं म्हणावं लागतं आणि आपली सगळी गोष्ट कोसळते. पण जास्त दाबाखाली खनिजांमध्ये बाहेरचा अर्गॉन अडकून राहतो आणि घड्याळ पुढे पळाल्यासारखं वय जास्त दिसतं. त्याच खडकांतल्या जिर्कॉनने वय दिलं सुमारे 8 कोटी वर्षं. म्हणजे क्रम बरोबर बसला : आधी तळ तयार झाला, मग दीडेक कोटी वर्षांनी खंडाचा काठ त्याच्याखाली खोल गेला.

तिसरं ठिकाण ओफिओलाइटच्या डोक्यावर. काही ठिकाणी त्याच्यावर क्रिटेशियस काळाच्या शेवटी साचलेले थर आहेत, आणि तळाच्या थरात ओफिओलाइटचेच झिजलेले गोटे आहेत. त्यांच्यावर उथळ समुद्रातली चुनखडी. म्हणजे तोवर सेमाइल वर येऊन उघडा पडला होता, नद्या त्याला झिजवत होत्या आणि नंतर समुद्र पुन्हा वर आला.

एक सावधगिरी

मग सेमाइल म्हणजे अटलांटिक किंवा हिंदी महासागराच्या तळाचा नमुना मानायचा का? रचनेच्या बाबतीत बऱ्याच अंशी हो. रसायनाच्या बाबतीत जपून. त्यातल्या काही लाव्ह्यांमध्ये खाली सरकणाऱ्या प्लेटमधून आलेल्या पाण्याच्या खुणा आहेत. 1973 साली मियाशिरो या जपानी शास्त्रज्ञाने सायप्रसच्या ट्रूडोस ओफिओलाइटबद्दल हेच म्हटलं, तेव्हा मोठा वाद झाला होता. आज बहुतेक मोठे ओफिओलाइट सबडक्शनच्या जवळपास तयार झालेले मानले जातात. आणि आपल्या गोष्टीशी ते जुळतं : जो तळ गर्तेच्या वरच्या बाजूला, कोवळा असताना सापडतो, तोच वाचतो. भर महासागरातला साधा तळ बहुतेक बुडतोच. म्हणजे डोंगरावर आपल्याला जे दिसतं, ती मुळातच निवडून उरलेली मंडळी आहेत.

आता त्या श्रोत्याच्या लडाखकडे. झांस्करमध्ये स्पोंगतांग इथला ओफिओलाइट भारताच्या जुन्या काठावरच्या चुनखडीवर बसलेला आहे, अगदी ओमानसारखा. पण ओमानमध्ये गोष्ट तिथेच थांबली. अरबस्तान आणि इराण यांच्यामधे तिथे ओमानचं आखात अजून शिल्लक आहे. लडाखमध्ये मागून आशिया आला, समुद्र पूर्ण मिटला आणि सगळं दुमडून, चिरडून गेलं. म्हणून लडाखमध्ये काय घडलं हे वाचायचं, तर आधी ओमान वाचावं लागतं. तिथून पुढचं, म्हणजे खुद्द टक्कर, आपण पुढच्या व्याख्यानात घेऊ.