‘गेले ते दिवस’ला द्या सुट्टी!

गेट-टुगेदर झालं, ग्रुप फोटो निघाला. आता फोटोखाली लिहायचं काय? बोटं आपोआप टाइप करतात : ‘गेले ते दिवस, राहिल्या त्या आठवणी! पंचवीस वर्षांनी पुन्हा लहान झालो.’ लाइक्स पडतात, पण डोळ्यांत पाणी काही कुणाच्या येत नाही.

समजा, ही पोस्ट रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडच्या बॅचची आहे. आता ‘खेड’ खोडून तिथे ‘दापोली’ लिहून बघा. काही बिघडलं? नाही ना? म्हणजे ही पोस्ट तुमची नाहीच. कंपासपेटी, चिंचा-बोरं, छड्या यांचीही तीच गत, कारण त्या प्रत्येक शाळेत होत्या.

मग करायचं काय? ‘ते दिवस’ म्हणजे नेमका कुठला दिवस, हे स्वतःला विचारायचं. खेडकरांना उत्तर शोधायला लांब जायला नको. गाव जगबुडी नदीच्या काठावर. जोराचा पाऊस झाला की पाणी बाजारपेठेत शिरतं. जुलै २०२१मध्येही शिरलं होतं. आता हीच पोस्ट पुन्हा लिहू :

‘जगबुडीचं पाणी चढलं की पलीकडच्या गावांतल्या मुलांना लवकर सोडायचे. तिसऱ्या तासाला अर्धा वर्ग रिकामा. आम्ही बाजारातली मुलं खिडकीतून बघत जळायचो. काल जेवताना एक मैत्रीण म्हणाली, पूल ओलांडेपर्यंत पोटात गोळा असायचा. पंचवीस वर्षं आम्ही त्याला सुट्टी म्हणत होतो.’

यात ‘आठवण’ हा शब्द एकदाही नाही, तरी गलबलतं. का? एक तर इथे नदी आहे, तास आहे, खिडकी आहे. वाचणारा वर्गात जाऊन बसतो. दुसरं म्हणजे, काल भेटल्यामुळे काहीतरी नवं कळलंय. तेव्हा माहीत नसलेली गोष्ट आज कळणं, खरी हुरहूर तिथेच असते. नुसतं जुनं आठवलं तर ती यादी होते.

शेवटच्या ओळीनंतर ‘मिस यू ऑल’ जोडायचा मोह होईल. आवरा! त्या ओळीने जे साधलं, ते पुढच्या गोडव्याने पुसलं जातं. पोस्ट कुठे संपवायची कळत नसेल तर शेवटचं वाक्य झाकून वाचा. अर्थ पुरा लागत असेल, तर ते उडवा.

आणि एक पथ्य. गोष्ट मैत्रिणीची असेल तर पोस्ट टाकण्याआधी तिला दाखवा. तिची भीती हा तुमचा मसाला नव्हे. शाळेतली टोपणनावंही तशीच. ज्याला ‘ढोल्या’ म्हणायचो, तो आज हसतोय म्हणून त्याला तेव्हा आवडत होतं असं नाही. विचारून बघा. कदाचित तिथेच पुढची पोस्ट सापडेल.